करारनाम्याची शेवटची दोन पानं



मागच्या वेळी आपण करारनाम्यातला भाव, मालाचं वजन आणि पैसे मिळण्याची मुदत याबद्दल बोललो. तेवढं सगळ्याजणी नीट वाचतात. पण शेवटची दोन पानं आली की कंपनीचा माणूस म्हणतो, "ताई, हे सगळ्यांच्याच करारात असतं, इथं सही करा." ते सगळ्यांच्या करारात असतं हे खरंच आहे. पण माल अडला किंवा पैसे अडकले, की सगळ्यात आधी तीच पानं उघडली जातात. आज त्यातली तीन कलमं घेऊ.

एक उदाहरण धरून चालू म्हणजे सोपं जाईल. समजा, सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी एक बचत गट आहे. गटाने बंगळूरच्या एका कंपनीशी हळद पूड पुरवण्याचा करार केलाय. दर महिन्याच्या 10 तारखेला 600 किलो माल द्यायचा, भाव किलोला 180 रुपये. म्हणजे एका खेपेचे 1 लाख 8 हजार रुपये. उशीर झाला तर दर दिवसाला एक टक्का, म्हणजे 1,080 रुपये कापायचे. कंपनीची गाडी गटाच्या दारातून माल उचलते.

पहिलं कलम आहे फोर्स मेजरचं. शब्द फ्रेंच आहे, पण आपल्याकडे त्याला फार जुना आणि आमच्या मते जास्त चांगला शब्द आहे, अस्मानी-सुलतानी. आभाळातून आलेलं संकट ते अस्मानी, म्हणजे पूर, भूकंप, वीज. आणि सरकारच्या हुकमाने आलेलं ते सुलतानी, म्हणजे संचारबंदी, मालावर बंदी, रस्ता बंद. यातलं काही आलं आणि त्यामुळे माल देता आला नाही, तर तेवढ्या काळापुरता दोष धरायचा नाही, असं हे कलम सांगतं.

तेवढ्या काळापुरता, हे शब्द नीट ऐका. बऱ्याच जणींना वाटतं की पूर आला म्हणजे करार सुटला. तसं नसतं. या कलमाने करार बहुधा थांबतो. पाणी ओसरलं की माल द्यावाच लागतो. अडचण ठरावीक दिवसांपेक्षा लांबली, उदाहरणार्थ 30 किंवा 60 दिवस, तर करार मोडायची मुभा बऱ्याच कागदांत असते. ती मुभा कुणाला दिलीय, हे मात्र बघायचं.

आता आपल्या गटाचं बघू. 6 ऑगस्टला गावात पाणी शिरलं. 14 तारखेला रस्ता खुला झाला, 15 ला वीज आली आणि 16 ला गिरणी फिरली. रोज दीडशे किलो पूड निघते, म्हणून 19 च्या संध्याकाळी 600 किलो तयार झाली आणि 20 ला गाडीत चढली. उशीर दहा दिवसांचा. कलम लागू झालं नाही, तर 10,800 रुपये कापले जाणार.

ते कलम आपोआप लागू होत नाही. या करारात लिहिलंय की संकट आल्यापासून सात दिवसांत कंपनीच्या पत्त्यावर ई-मेल किंवा रजिस्टर पोस्टाने कळवायचं. गटाच्या सचिवाने 8 तारखेला कंपनीच्या सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर पाण्याचे फोटो टाकले आणि त्यांनी अंगठाही दाखवला. पण कराराच्या दृष्टीने ते कळवणं झालं का? कंपनीचा वकील नाही म्हणेल आणि वाद सुरू होईल. म्हणून नेटवर्क मिळेल तिथून, नातेवाइकाच्या फोनवरून का होईना, 13 तारखेच्या आत करारातल्या पत्त्यावर ई-मेल गेला पाहिजे. फार लिहायचं नाही. "6 ऑगस्टपासून गावात पुराचं पाणी आहे. रस्ता आणि वीज बंद असल्याने 10 तारखेची 600 किलोची खेप देता येत नाही. गिरणी सुरू झाली की नवी तारीख कळवू." एवढं पुरतं. गिरणी सुरू झाली की दुसरा ई-मेल करायचा. पंचनाम्याची प्रत, वीज बंद असल्याचा काही पुरावा आणि तारीख दिसणारे फोटो फाइलला लावून ठेवायचे.

दुसरी गोष्ट, पूर आला हे दाखवून भागत नाही. पुरामुळेच माल अडला हे दाखवावं लागतं. समजा गिरणीची मोटर 2 ऑगस्टलाच जळाली होती आणि ती दुरुस्त व्हायला 20 तारीख उजाडणारच होती. मग पुराचं नाव सांगून उपयोग नाही. किंवा 300 किलो पूड माळ्यावर कोरडी होती आणि 14 ला रस्ता खुला झाला. मग निदान तेवढी तरी लगेच द्यायला हवी होती, असं कंपनी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. जेवढं हातात आहे तेवढं करावंच लागतं.

आणि हळकुंडाचा भाव वाढला तर? गटांचा हा प्रश्न नेहमी येतो. भाव वाढला, त्यात तोटा होतोय, हे अस्मानी-सुलतानीत बसत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यासाठी तूप खरेदी करून पुरवण्याचं काम एका पेढीकडे होतं. युद्धामुळे परिस्थिती बदलली, म्हणून त्यांनी ठरल्यापेक्षा जास्त मोबदला मागितला. सर्वोच्च न्यायालयाने 1960 साली तो नाकारला. करार महाग पडला म्हणून तो संपत नाही, असा त्याचा अर्थ. भाववाढीची भीती असेल तर भावाच्या कलमातच लिहून घ्यायचं, की हळकुंड अमुक दराच्या वर गेलं तर पुडीचा भाव पुन्हा ठरवू.

आता यातली खरी मेख. हे कलम कुणासाठी आहे? 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, मुंबई उच्च न्यायालयात पोलाद आयात करणाऱ्या काही कंपन्या गेल्या. टाळेबंदीमुळे करार पाळता येत नाही, दक्षिण कोरियातून माल पाठवणाऱ्यांना बँकेतून पैसे जाऊ देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने ऐकलं नाही. एक कारण हे होतं की करारातलं फोर्स मेजरचं कलम फक्त विकणाऱ्याच्या फायद्याचं होतं, घेणाऱ्यांना त्याचा आधारच नव्हता. मोठ्या कंपन्यांची ही गत, तर आपण किती जपायला हवं! कागद इंग्रजीत असेल तर वाचून दाखवणाऱ्याला एवढंच विचारा, की इथं "दोन्ही पक्षांपैकी कोणीही" असं आहे, की फक्त "कंपनी" असं आहे? आणि संकटांच्या यादीत "बाजारातली मंदी" किंवा "मागणी घटणे" असं घुसवलंय का? ते असेल तर कंपनीला माल नको झाला की हेच कलम दाखवून ती मोकळी होईल. ते शब्द खोडून घ्या.

कलमच नसेल तर? मग भारतीय करार कायद्याचं, म्हणजे 1872 च्या कायद्याचं 56 वं कलम उरतं. ते फार अरुंद आहे. ठरलेलं काम करणंच अशक्य झालं तरच ते लागू होतं, आणि लागू झालं की करार पुरता संपतो. घेतलेली आगाऊ रक्कमही परत करावी लागते. दहा दिवसांच्या उशिराला ते औषध नाही.

दुसरं कलम सेव्हरेबिलिटीचं. त्यावर फार वेळ घालवत नाही. ते म्हणतं, या करारातलं एखादं कलम बेकायदेशीर ठरलं तर तेवढं गळेल, बाकीचा करार उभा राहील. गाडीचं एक चाक काढलं तरी गाडी चालेल, असा हा दावा आहे. आपल्या गटाच्या करारात समजा लिहिलंय, की करार संपल्यावर तीन वर्षं गटाने हळद पूड दुसऱ्या कुणालाही विकायची नाही. करार कायद्याच्या 27 व्या कलमाप्रमाणे धंद्यावरची अशी बंदी रद्दच असते. पण म्हणून "अख्खा करार बेकायदेशीर, आम्ही या महिन्याचा माल देत नाही" असं गटाला म्हणता येत नाही. कंपनीलाही "करारच रद्द, पैसे देत नाही" म्हणता येत नाही. इतपत ते दोघांना सारखं आहे.

आमचा आक्षेप वेगळाच आहे. हे कलम म्हणजे करार लिहिणाऱ्याच्या हातातली छत्री असते. वाटेल ती जाचक अट घालून बघायची, टिकली तर टिकली, नाही टिकली तर बाकीचं सुरक्षित. आणि ती अट रद्द आहे हे ठरवायला कोर्टात जातंय कोण? कागदावर आहे म्हणून बाया तीन वर्षं घाबरून दुसरीकडे माल विकत नाहीत. म्हणून अशी अट पुढे कधी गळेल यावर विसंबू नका, सहीच्या आधीच खोडून घ्या. आणि करारातलं मूळच गेलं, जसं की भाव किंवा माल, तर सेव्हरेबिलिटीचं कलमही तो करार वाचवू शकत नाही.

तिसरं कलम दोन ओळींचं असतं आणि दोन वेगळ्या गोष्टी सांगतं. "भारताचे कायदे लागू राहतील" ही पहिली. दोन्ही बाजू भारतातल्या असल्या तर याने आपलं काही बिघडत नाही. पुढची ओळ बघा, "वाद झाल्यास बंगळूरची न्यायालये". ही जड आहे.

एरवी दिवाणी कायद्यात दोन वाटा असतात. ज्याच्यावर दावा करायचा तो जिथं आहे तिथलं कोर्ट, किंवा व्यवहार पूर्ण वा थोडा जिथं घडला तिथलं. आपला माल गटाच्या दारातून उचलला गेला, म्हणजे सांगली जिल्ह्यातही दावा करता आला असता. त्या एका ओळीने ही वाट बंद होते. तिथं "फक्त" हा शब्द नसला तरी ती बंद होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितलंय. मात्र ज्या गावाचा व्यवहाराशी काहीच संबंध नाही, तिथलं कोर्ट करारात लिहून मिळत नाही. उद्या कंपनीने दिल्ली लिहिली आणि दिल्लीत ना कंपनी आहे ना व्यवहार, तर ती ओळ चालणार नाही. बंगळूरला कंपनीच आहे, त्यामुळे ती चालते. आता 1 लाख 8 हजार रुपयांसाठी दर तारखेला दोघींनी बंगळूरला जायचं, तिथला वकील लावायचा, याचा हिशेब तुम्हीच मांडा. सहीच्या आधी "सांगली" लिहून मागा. नाही जमलं तर निदान ती ओळ काढायला सांगा, म्हणजे कायद्याच्या दोन्ही वाटा खुल्या राहतात.

आणि कंपनी काहीच ऐकत नसेल, तरी माल स्वतः बनवणाऱ्या गटाला पैशांच्या वसुलीसाठी एक वाट उरते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा 2006 चा कायदा आहे. त्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, करारात काहीही मुदत असली तरी, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सुविधा परिषदेकडे करायची, आणि माल पुरवणारा जिथला आहे तिथली परिषद ती ऐकू शकते, घेणारा भारतात कुठेही असो. करारातली बंगळूरची ओळ इथं आड येत नाही. परिषदेच्या निकालाविरुद्ध कंपनीला कोर्टात जायचं असेल, तर आधी निकालाच्या रकमेच्या 75 टक्के भरावे लागतात.

यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते आणि सरकार तिचं शुल्क घेत नाही. कुणी हजार-दोन हजार मागितले तर ते त्याचे स्वतःचे आहेत. नोंदणी करारावर सही करण्याच्या आधीची हवी. 2022 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की नंतर नोंदणी करून आधीच्या व्यवहाराला हा फायदा मागता येत नाही. नोंदणी झाली की तिचा क्रमांक करारात गटाच्या नावाशेजारी लिहा, आणि प्रत्येक बिलावरही टाका.