कॅमेरे घराबाहेर किती डेटा पाठवतात?



घरात चार कॅमेरे बसले आणि व्हिडिओ कॉल अडखळू लागला, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. स्पीड टेस्टमध्ये १०० एमबीपीएस डाउनलोड दिसतो, म्हणून आपण वायफायला दोष देतो. पण अनेक कनेक्शनांवर, विशेषतः केबल आणि वायरलेस जोडण्यांवर, अपलोड बराच कमी असतो. समजा, तो १० एमबीपीएस आहे.

हिशेब करू. क्लाउडवर सतत रेकॉर्डिंग करणारा १०८०पी कॅमेरा साधारण २ एमबीपीएस वापरतो. चार कॅमेऱ्यांचे झाले ८. रात्री अंधारात चित्रात बारीक कण वाढतात, त्यामुळे ते नीट कॉम्प्रेस होत नाही. बिटरेट 'व्हेरिएबल' ठेवला असेल तर हाच आकडा वर चढतो. त्यात कुणाच्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की वाट पूर्ण भरते.

मग राउटर किंवा मोडेम जादा पॅकेट टाकून न देता रांगेत साठवतो. अशी १ एमबीची रांग १० एमबीपीएसने रिकामी व्हायला ०.८ सेकंद लागतो. तुमचा आवाज त्याच रांगेत उभा असतो. डाउनलोडही मंदावतो, कारण माहिती मिळाल्याची पोच अपलोडनेच परत जाते आणि ती उशिरा पोहोचली की पाठवणारा हात आखडता घेतो.

खात्री करणे सोपे आहे. राउटरला केबलने जोडलेल्या विंडोज संगणकावर हे चालवा:

```
ping -t 8.8.8.8
```

कॅमेरे चालू असताना वेळ ५०० मिलिसेकंदांपर्यंत जातो आणि ते बंद करताच २०-३० वर येतो, असे दिसले तर दुखणे अपलोडचेच. कॅमेरे बंद करूनही आकडा उतरला नाही, तर कारण दुसरीकडे शोधा.

उपाय क्रमाने करावेत. सतत रेकॉर्डिंग घरातल्या एनव्हीआरवर किंवा मेमरी कार्डवर घ्या. ते घराबाहेर जात नाही, म्हणून अपलोड खात नाही. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांना घर पाहायचे असेल, तर मोबाईलवर कमी बिटरेटचा 'सब स्ट्रीम' पुरतो. क्लाउड हवाच असेल तर फक्त हालचालीचे रेकॉर्डिंग ठेवा आणि हलणारी झाडे, रस्ता हालचाल टिपण्याच्या क्षेत्रातून वगळा. एच.२६५ कोडेक असेल तर तो निवडा. त्याच दर्जाला बिटरेट जवळपास निम्मा होतो.

शेवटी, राउटरमध्ये 'एसक्यूएम' असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली, म्हणजे आपल्या उदाहरणात ९ एमबीपीएस ठेवा. त्यामुळे रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि कॉलला पाळी लवकर मिळते. मात्र १० एमबीपीएसमध्ये १२ मावणार नाहीत. तिथे मागणीच घटवावी लागते.

म्हणून माझी विनंती एवढीच: नवा कॅमेरा घेताना दुकानदाराला मेगापिक्सेल विचारण्याआधी त्याचा बिटरेट विचारा, आणि आपल्या कनेक्शनचा अपलोड वेग ठाऊक करून घ्या.