घमेलं, त्रिकोण, चौकोन, इस्त्री आणि गोल : कपड्याच्या आतली पट्टी कशी वाचायची?

(भिवंडी तालुक्यातील प्रभागसंघाच्या मासिक सभेत धुलाई-इस्त्रीचा व्यवसाय करणाऱ्या गटातील एका ताईने केलेले भाषण, तिच्याच शब्दांत.)



मला आज बोलायला सांगितलं ते आमच्या गटाचे ९५० रुपये कसे गेले, त्याबद्दल. मागच्या वर्षी आम्ही चौघींनी मिळून कपडे धुवून इस्त्री करून द्यायचं काम सुरू केलं. एका कपड्याचे २५ रुपये. पडघ्याच्या बाजूला नवीन बिल्डिंगी झाल्यात, तिथून कपडे यायला लागले. तिसऱ्याच महिन्यात एका बाईंचा कुर्ता आला. गडद निळा, मऊ, अंगावर छान पडणारा. आम्ही म्हटलं, कॉटनच आहे. गरम पाण्यात पावडर टाकून रात्रभर भिजत घातला, सकाळी दगडावर दोन हात आपटला, ब्रश मारला, घट्ट पिळला आणि गच्चीवर कडक उन्हात टाकला. वाळला तेव्हा तो चार बोटं आखूड झाला होता. खांद्यावर रंग उडालेला, आणि ब्रश मारला तिथे कापड विरल्यासारखं झालेलं.

बाईंनी भांडण केलं नाही. कुर्ता उलटा केला आणि आतल्या शिवणीतली पांढरी पट्टी मला दाखवली. म्हणाल्या, "ताई, हे सगळं इथे लिहिलंय." पट्टीवर पाच चित्रं होती. आम्ही ९५० रुपये भरून दिले. म्हणजे ३८ कपड्यांची मजुरी एका कुर्त्यात गेली. त्या दिवसापासून मी पट्टी वाचायला शिकले.

आपल्या भिवंडीत घरोघरी कुणी ना कुणी लूमवर आहे. मानकोली-काल्हेरच्या गोदामांत आपल्यातल्या कितीतरी जणी दिवसभर कपडे पॅक करतात. कापड आपल्या हातून जातं, पण ही पट्टी आपण टोचते म्हणून कापून टाकतो. आणि वाचत नाही, कारण वाटतं की ते इंग्रजी आहे. पण चित्रांना इंग्रजी लागत नाही. युरोपात एका देशाचा कपडा दुसऱ्या देशात विकला जायचा आणि भाषा प्रत्येकाची वेगळी. म्हणून १९६३ साली पॅरिसमध्ये एक आंतरराष्ट्रीय संघटना झाली आणि शब्दांऐवजी खुणा ठरल्या. त्याच खुणा आज आपल्याकडच्या कपड्यांवर असतात.

खुणा पाचच आहेत, आणि बहुतेक याच क्रमाने येतात. पाण्याचं घमेलं म्हणजे धुणं. त्रिकोण म्हणजे ब्लीच. चौकोन म्हणजे वाळवणं. इस्त्री म्हणजे इस्त्रीच. आणि गोल म्हणजे ड्रायक्लीन. ज्यावर फुली आहे ते करायचं नाही. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : पट्टी शेवटची मर्यादा सांगते. घमेल्यात ४० लिहिलंय म्हणजे पाणी ४० अंशापर्यंत गरम केलं तरी चालेल, करायलाच हवं असं नाही. कमी चालतं, जास्त चालत नाही.

आता घमेल्याकडे नीट बघू, कारण आमचा कुर्ता तिथेच बिघडला. घमेल्यातला आकडा पाण्याच्या उष्णतेचा असतो. आपण नळाच्या साध्या पाण्यात धुतो, त्यामुळे आकड्याची फारशी काळजी नको. बंबाचं पाणी घेतलं किंवा मशीनचा हीटर लावला, की आकडा बघायचा. आपल्यासाठी महत्त्वाच्या खुणा दुसऱ्याच आहेत. घमेल्याखाली एक आडवी रेघ असेल तर मशीन हळू चालवा, दोन रेघा असतील तर अगदीच हळू. घमेल्यात हात काढलेला असेल तर फक्त हाताने धुवा.

इथे आपली फसगत होते. आपण म्हणतो, आम्ही हातानेच तर धुतो! पण त्या हाताचा अर्थ आपटणं, ब्रश मारणं असा नाही. कोमट किंवा गार पाण्यात साबण विरघळवायचा, कपडा हलक्या हाताने दाबायचा, खळबळायचा आणि न पिळता पाणी दाबून काढायचं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून मी गटात सांगून ठेवलंय : घमेल्याखाली रेघ किंवा घमेल्यात हात दिसला, की दगड बंद, ब्रश बंद, पीळ बंद.

असं का? आपली आपटून धुवायची पद्धत सुती कापडावर बसलेली आहे. सुती धागा ओला झाला की उलट जास्त मजबूत होतो, म्हणून सुती लुगडी आणि धोतरं वर्षानुवर्षं दगडावर टिकली. तो कुर्ता होता व्हिस्कोसचा, ज्याला आपण रेयॉन म्हणतो. हाताला सुतासारखाच लागतो, पण ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. शिवाय विणताना आणि फिनिशिंगला ताणलेला धागा पाण्यात फुगतो आणि आखडतो, गरम पाण्यात अजून जास्त. म्हणजे नेमका कमजोर झालेला असताना आम्ही तो आपटला. दोष पावडरीचा नव्हता, आमच्या हातांचा होता.

त्याच पट्टीवर त्रिकोणावर फुली होती, म्हणजे ब्लीच नको. रिकामा त्रिकोण असेल तर कुठलंही ब्लीच चालतं. त्रिकोणात दोन तिरक्या रेघा असतील तर बाटलीतलं उग्र वासाचं क्लोरीनचं ब्लीच चालत नाही, ऑक्सिजनचं चालतं. काही ताया विचारतात, मग नीळ? नीळ म्हणजे ब्लीच नाही. ती फक्त पांढऱ्यावर निळसर झाक देते.

चौकोनात गोल असतो, ती खूण गरम हवेच्या ड्रायरची. त्यावर फुली दिसली की काही जणी आपल्या दोन टबांच्या मशीनचा ड्रायर वापरायलाही घाबरतात. आपल्या त्या ड्रायरमध्ये उष्णता नसते, तो फक्त गरागरा फिरवून पाणी काढतो. त्या फुलीचा त्याच्याशी संबंध नाही. चौकोनात उभी एक रेघ असेल तर दोरीवर टांगा. उभ्या दोन असतील तर पिळू नका, मशीनमध्ये फिरवूही नका, निथळत ठेवा. आडवी रेघ असेल तर पसरून वाळवा. स्वेटर टांगला तर पाण्याच्या वजनाने लांबतो, म्हणून त्याला ही खूण असते. आणि चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात तिरक्या रेघा असतील तर सावलीत. आमच्या कुर्त्यावर उभी रेघ होती आणि कोपऱ्यात तिरक्या रेघाही होत्या. आम्ही गच्चीवर टाकला.

इस्त्री सगळ्यात सोपी, कारण आपल्या विजेच्या इस्त्रीच्या चकतीवर बहुतेक वेळा तेच ठिपके असतात. पट्टीवर एक ठिपका, तर चकती एका ठिपक्यावर. एक म्हणजे सुमारे ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. तीन ठिपके सुती आणि लिननला. पॉलिस्टर तीनवर चकाकतं, चिकटतं. कोळशाच्या इस्त्रीला चकती नसते. तिथे मी ओल्या सुती फडक्यावर इस्त्री टेकवून थोडी उतरवते आणि एक-दोन ठिपक्यांच्या कपड्यावर मध्ये सुती कापड घालते. कापड मिश्र असेल, म्हणजे ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के कॉटन, तर नाजूक धाग्याचं ऐकायचं. इथे पॉलिस्टरचं.

राहिला गोल. गोलात पी किंवा एफ हे इंग्रजी अक्षर असतं. ते ड्रायक्लीनवाल्यासाठी असतं, कुठलं रसायन वापरायचं ते त्याला कळतं. गोल दिसला म्हणजे ड्रायक्लीनच करायला हवं, असं नाही. आमच्या कुर्त्यावरही गोल होता, पण घमेल्यात हातही होता. म्हणजे दोन्ही चालतं. घमेल्यावर फुली आणि गोल मोकळा, तेव्हाच कपडा पाण्यात घालायचा नाही. कधी कापड सुती असतं तरी अशी पट्टी असते, कारण अस्तर, कॅनव्हास किंवा जर पाणी सहन करत नाही. पट्टी अख्ख्या कपड्याची असते, नुसत्या वरच्या कापडाची नाही.

आता तुम्ही म्हणाल, साडीला पट्टी नसते, शिंप्याकडे शिवलेल्या ड्रेसला नसते. खरं आहे. तिथे दोन गोष्टी करते. शिवणीच्या आतलं कापड ओलं करून त्यावर पांढरं फडकं दाबते. रंग फडक्यावर आला तर कपडा वेगळा, गार पाण्यात. दुसरं, लूमवाले करतात तसं शिवणीतला एक धागा काढून, चिमट्यात धरून, पाण्याच्या ताटलीवर जाळते. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सूत किंवा रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. केस जळल्याचा वास आला तर लोकर किंवा रेशीम. पण सूत आणि रेयॉन जळताना सारखेच दिसतात. म्हणून शंका असेल तर रेयॉनच समजायचं, म्हणजे आपटायचं नाही. मिश्र धागा असेल तर ही परीक्षा फसते, तिथेही जपूनच.

आता आमच्या गटात नियम आहे. कपडा आला की पाणी लागायच्या आधी पट्टी बघायची, घेणाऱ्या बाईसमोर. वहीत नाव, कपडा आणि पाच खुणा उतरवायच्या. आधीचा डाग, फाटलेलं, उडालेला रंग तिथेच लिहून सही घ्यायची. पट्टी नसेल तर "पट्टी नाही" असं लिहायचं आणि गार पाण्यात हलक्या हाताने धुणार, हे सांगायचं. घमेल्यावर फुली असलेला कपडा आम्ही घेत नाही, परत करतो. २५ रुपये गेले तरी चालतात.

तो कुर्ता बाईंनी आम्हालाच ठेवायला दिला. ओला करून, ताणून, दोन ठिपक्यांवर इस्त्री केली, तर चारातलं एखादं बोट परत आलं, बाकीचं नाही. तो कुर्ता आज मी आणलाय. पट्टी आत शाबूत आहे. सभा संपली की प्रत्येकीने तो उलटा करून पाच खुणा वाचून दाखवायच्या, आणि मग आपल्या अंगावरच्या कपड्याची पट्टी शोधायची. मानेमागे नसेल तर डाव्या बाजूच्या शिवणीत बघा.