मायचे रोडगे इंग्रजीत

आपल्या पोरी आता कॉलेजात जातात. कधी प्रवेशासाठी, कधी शिष्यवृत्तीसाठी त्यांना इंग्रजीत स्वतःबद्दल लिहावे लागते. तिथे घरचा शब्द आला की हात अडतो. अचलपुरात गटातल्या मुलींसोबत बसून आम्ही यावर काम केले, ते आज सांगतो.

एकीने लिहिले होते, "माय मदर मेड रोडगे, ट्रॅडिशनल व्हीट बॉल्स ऑफ विदर्भ." रोडगे हा शब्द तिरप्या अक्षरांत होता, शिवाय खाली तळटीप. वाचणाऱ्याला गव्हाच्या गोळ्याची माहिती मिळाली, पण माय दिसली नाही. तिरपी अक्षरे म्हणजे घरच्याच माणसाला पाहुण्याच्या पाटावर बसवणे.

मग तेच असे लिहिले, "माय पुश्ड द रोडगे इनटू द हॉट अ‍ॅश. शी ब्रोक वन, पोअर्ड तूप ओव्हर इट, अँड गेव्ह मी द बिगर हाफ." मायने रोडगे गरम राखेत सारले, एक फोडून वर तूप ओतले, मोठा अर्धा मला दिला. राखेवरून भाजणे कळते, ओतण्यावरून तूप. आता माय दिसते, तिची माया दिसते. अर्थ शेजारच्या क्रियापदाने सांगितला.

सगळेच शब्द मराठीत ठेवू नयेत. पाणी, मीठ यांना इंग्रजी शब्द पुरतो. माहेराला पुरत नाही. 'पेरेंट्स हाऊस' हे नुसते घर झाले. "इन हर माहेर नोबडी वोक हर बिफोर सनराइज," म्हटले की तिथे तिला उजाडण्याआधी कोणी उठवत नसे, एवढ्यावरून माहेर कळते आणि सासरही.

उर्मिला पवारांचे आत्मकथन मराठीत 'आयदान' आहे. कोकणात बांबूच्या विणलेल्या वस्तूंना आयदान म्हणतात. त्यांची आई ती विणून विकायची. माया पंडितांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2008 साली आला, त्याचे नाव 'द वीव्ह ऑफ माय लाइफ'. नावात विणणे राहिले, आयदान हा शब्द गेला. मुली स्वतःच इंग्रजीत लिहितात, तेव्हा कोणता शब्द ठेवायचा हे त्यांच्या हाती असते.

स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवावे. माय लिहिताना दोन ए घालावे. एकाच एने मायचा मे महिना होतो.

जिथे शब्दावरच गोष्ट उभी आहे, तिथे जास्त आधार द्यावा. मजुरी दोन पायल्या ज्वारी मिळाली, एवढे लिहिले तर ती कमी की जास्त हे परक्याला कळणार नाही. ती घरात किती दिवस पुरली, तेही लिहावे. अर्जात किंवा दवाखान्याच्या कागदावर मात्र सरळ अर्थच द्यावा.

शेवटी मराठी न येणाऱ्या एखाद्या शिक्षिकेला लेख वाचायला द्यावा. रोडगा म्हणजे काय, असे विचारावे. "राखेत भाजायचे काहीतरी," एवढे ती म्हणाली तरी पुरे. तिला काहीच सांगता आले नाही, तर तळटीप न देता वाक्य बदलावे.