दिवाळी कलेक्शनची प्रेसनोट: साडी उलटी करून बघा

आज एका प्रेसनोटची गोष्ट. मी काही वर्षं जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर होतो, आता दुकानदारांना प्रेसनोट लिहून देतो. मागे नवरात्राच्या आधी आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या एका साडीवाल्या काकांनी बोलावलं. दिवाळी कलेक्शनचं उद्घाटन शनिवारी आणि नोट त्यांनी गुरुवारीच लिहून ठेवलेली. सुरुवात अशी: ‘भव्यदिव्य पैठणी महोत्सवाचे उद्घाटन उत्साहात संपन्न. महिलांची अलोट गर्दी.’

म्हटलं, काका, अजून दुकान उघडलंच नाही, गर्दी कुठून आली?

ते हसले. पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, कारण पुढच्या ओळीत होतं: ‘येवल्याच्या हातमागावरील 200 अस्सल पैठण्या.’ मी एक साडी मागितली आणि पदर उलटा केला. खऱ्या पैठणीत पदरावरचा मोर हाताने, प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागेपुरता फिरवून, शेजारच्या धाग्यात अडकवत विणतात. त्यामुळे नक्षी पुढून-मागून जवळपास सारखीच दिसते. ह्या साडीच्या मागे मोकळे धागे लोंबत होते, म्हणजे यंत्रमाग. बाजारात तिला सेमी पैठणी म्हणतात. ती विकण्यात काहीच गैर नाही, पण तिला हातमागाची म्हणणं गैर. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीबद्दल दंडाची तरतूद आहे. शिवाय पेपरात छापलेलं कात्रण लोक जपून ठेवतात बरं का. दुकानदार ‘मी असं बोललोच नाही’ म्हणू शकत नाही.

काकांना मी एकच विचारलं, खरोखर हातमागाच्या किती? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘40. येवल्याच्या तीन विणकरांकडून घेतल्यात. बाकी सेमी.’

झालं, बातमी मिळाली! 200 साड्यांचा महोत्सव ही जाहिरात आहे. शेजारच्या गावच्या तीन विणकरांच्या 40 साड्या ही बातमी आहे. सवलतीची ओळ डेस्कवर गेली की उपसंपादक ती जाहिरात विभागाकडे ढकलतो, नाहीतर सरळ कापतो. मीही कापायचो.

मग नवी नोट लिहिली. पहिला परिच्छेद असा:

‘येवल्यातील तीन विणकरांनी हातमागावर विणलेल्या 40 पैठण्या येत्या शनिवारपासून शहरात पाहायला व विकत घ्यायला मिळणार आहेत. हातमागाच्या आणि यंत्रमागाच्या साड्या वेगवेगळ्या मांडल्या असून, दोन्हींतला फरक ग्राहकांना दाखवला जाईल.’

त्यानंतर दुकानाचं नाव, पेठ, वेळ. मग एका विणकराचं बोलणं, त्याला फोन करून विचारलेलं, आपल्या मनाने रचलेलं नव्हे. शेवटी काकांचा आणि माझा फोन नंबर. सगळं मिळून साधारण 200 शब्द. हा क्रम मुद्दाम ठेवला, कारण जागा कमी पडली की डेस्कवर बातमी खालून कापतात. महत्त्वाचं तळाला ठेवलं तर तेच जातं.

काका म्हणाले, ‘सेमीचं कशाला लिहायचं? गिऱ्हाईक पळेल.’ बराच वाद झाला. काकू आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, दुकानात विचारतातच की सगळ्या बायका.’ तिथे वाद मिटला.

आता पाठवण्याचं. मजकूर युनिकोडमध्ये, थेट मेलमध्ये टाईप केलेला. पीडीएफ नको, तिच्यातून मराठी कॉपी केलं की जोडाक्षरं फुटतात आणि डेस्कवाला पुन्हा टाईप करत बसत नाही. फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलात तर तो लहान होऊन जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फीत कापणाऱ्या पाहुण्यांपेक्षा मागावर बसलेल्या विणकराचा फोटो द्या. खाली नावं डावीकडून उजवीकडे, आणि त्यांना विचारून. मेल दुपारी तीनच्या आत, कारण संध्याकाळी पानं लागायला घेतात. आणि नवरात्राच्या आधी, दिवाळीच्या आठवड्यात पानांवर जाहिरातीच जास्त असतात.

एक खटकणारी गोष्टही सांगतो. तालुक्याच्या ठिकाणी अनेकदा बातमी देणारा आणि जाहिरात गोळा करणारा माणूस एकच असतो. ‘जाहिरात दिलीत तर बातमी लागेल’ असं कुणी सुचवतं. जाहिरात द्यायची तर द्या, पण पैसे देऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असं लिहायला सांगा. काकांनी जाहिरात दिली नाही. एका पेपरने नोट टाकलीच नाही, दुसऱ्याने खालचा अर्धा भाग कापून आतल्या पानावर दोन कॉलममध्ये लावली. पहिला परिच्छेद मात्र शाबूत.

शनिवारी अलोट गर्दी वगैरे काही झाली नाही. दुपारी एक आजी नातीला घेऊन आल्या, पिशवीत घडी केलेलं कात्रण. काकांनी साडी पुढे केली, तर आजींनी काही न बोलता आधी पदर उलटा केला.