रात्री अडीचचा मेसेज: कमी झोप, पन्नाशी आणि डिमेंशियाची भीती

आजचा भाग तुमच्यासाठी आहेच, पण खरं तर तुमच्या आई-बाबांसाठी आहे. ऐकून झाला की त्यांना फॉरवर्ड करा. फक्त रात्री अकरानंतर करू नका. का, ते कळेलच.

झालं असं, की काही महिन्यांपूर्वी मला माझ्या ताईचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. वेळ होती रात्री 2.34. ताई 51 वर्षांची आहे, ठाण्यात राहते, बँकेत नोकरी करते. मेसेजमध्ये दोन स्क्रीनशॉट होते. पहिला तिच्या नव्या स्मार्टवॉचचा: ‘गाढ झोप 38 मिनिटं’. दुसरा एका बातमीचा: पन्नाशीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना डिमेंशियाचा धोका 30 टक्के जास्त. आणि खाली तिने लिहिलं होतं, “आजीसारखं माझंही होणार का गं?”

आमच्या आजीला शेवटची सहा-सात वर्षं डिमेंशिया होता. माणसं ओळखू येत नव्हती तिला. त्यामुळे ‘काळजी करू नकोस, झोप आता’ असं लिहून मला तो विषय संपवता येईना. मी ठरवलं की ती बातमी ज्या अभ्यासावरून आली तो शोधून नीट वाचायचा.

तो अभ्यास खरा आहे आणि चांगलाही आहे. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर 1985 पासून एक मोठं संशोधन चालू आहे, त्याचं नाव व्हाइटहॉल टू. त्यातल्या 7,959 लोकांना संशोधकांनी साधारण 25 वर्षं फॉलो केलं. पन्नाशीत, साठीत आणि सत्तरीत तुम्ही रात्री किती तास झोपता, हे त्यांना विचारलं होतं. पुढे त्यांच्यापैकी 521 जणांना डिमेंशिया झाला. हा निष्कर्ष 2021 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापून आला. तिन्ही वयांत सातत्याने सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांमध्ये धोका सात तास झोपणाऱ्यांपेक्षा 30 टक्के जास्त दिसला.

आता हे 30 टक्के म्हणजे किती? ताईने त्याचा अर्थ असा घेतला होता की तिला डिमेंशिया व्हायची शक्यता शंभरात तीस. तसं नाहीये. मी तिला कागदावर मांडून दाखवलं. या अभ्यासात एकूण 7,959 पैकी 521, म्हणजे शंभरात साधारण सहा-साडेसहा जणांना डिमेंशिया झाला. समजा, नीट झोपणाऱ्या शंभर जणांमध्ये सहा. सहाचे 30 टक्के म्हणजे जेमतेम दोन. म्हणजे कमी झोपणाऱ्या शंभर जणांत आठ. उरलेल्या ब्याण्णव जणांना इतकी वर्षं कमी झोपूनही त्या काळात काही झालं नाही. हिशेब ढोबळ आहे, आणि वय वाढतं तसा सगळ्यांचाच धोका वाढतो. पण फरक शंभरात दोनचा आहे, तीसचा नाही.

ताई म्हणाली, “अगं, दोन तर दोन. त्या दोघांत मी असले तर?” प्रश्न रास्त आहे. म्हणून पुढचा मुद्दा बघायला हवा: कमी झोपेमुळे डिमेंशिया होतो, की डिमेंशियामुळे झोप कमी होते?

अल्झायमरमध्ये मेंदूत बीटा अमायलॉइड नावाचं प्रथिन साठतं. हे साठणं विसरभोळेपणा दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू होतं. आणि याच बदलांमुळे झोपही बिघडू शकते. त्यामुळे सत्तरीतला माणूस नीट झोपत नाही आणि पाच वर्षांनी त्याला डिमेंशिया होतो, तेव्हा दोष झोपेचा नसून आजाराचीच ती चाहूल असू शकते. व्हाइटहॉलच्या अभ्यासाचं वजन इथेच आहे. त्यातल्या लोकांचं निदान सरासरी सत्त्याहत्तराव्या वर्षी झालं. वीस वर्षं मागे गेलं तर येतं सत्तावन्न. म्हणजे पन्नाशीतली झोप बहुतेकांच्या बाबतीत आजार सुरू होण्याच्याही आधीची आहे. म्हणून हा धागा उडवून लावता येत नाही.

पण सिद्धही होत नाही. कमी झोपणारी माणसं इतर बाबतींतही वेगळी असतात: कामाचा ताण, बीपी, वजन, नैराश्य. संशोधक हे सगळं आकडेमोडीत वजा करायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण वजा होत नाही. खरा पुरावा म्हणजे अर्ध्या लोकांची झोप सुधारायची, अर्ध्यांची तशीच ठेवायची आणि वीस-पंचवीस वर्षं थांबून बघायचं. असा प्रयोग झालेला नाही.

‘झोपेत मेंदू धुतला जातो’ असा रील तुम्ही पाहिला असेलच. त्याचं मूळ 2013 च्या एका प्रयोगात आहे. झोपलेल्या उंदरांच्या मेंदूतून कचरा जास्त वेगाने बाहेर जातो असं त्यात दिसलं. पण 2024 मध्ये लंडनच्या एका गटाने उंदरांवरच वेगळ्या पद्धतीने मोजलं, तर झोपेत हा वेग उलट कमी झालेला दिसला. शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे, रील मात्र थांबत नाही.

डिमेंशियावरच्या ‘लॅन्सेट’ आयोगाने 2024 मध्ये बदलता येण्यासारख्या 14 कारणांची यादी दिली. त्यात बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा वगैरे आहेत. झोप त्या यादीत नाही. तिचा विचार झाला, पण पुरावा पुरेसा वाटला नाही.

मग करायचं काय? ताईसोबत आम्ही काय केलं तेच सांगते.

पहिलं, घड्याळ रात्री काढून ठेवायचं. मनगटावरचं घड्याळ हालचाल आणि नाडी पाहून अंदाज बांधतं. एकूण किती झोपलात हे त्याला बऱ्यापैकी कळतं. पण गाढ झोप खरंच मोजायची तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात. त्यामुळे ‘38 मिनिटं’ या आकड्यावर रात्र जाळण्यात अर्थ नव्हता. घड्याळातल्या आकड्यांच्या धास्तीनेच झोप उडणं हा प्रकार इतका दिसायला लागला, की 2017 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी त्याला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव दिलं.

दुसरं, दोन आठवडे वहीत नोंद. सकाळी उठल्यावर, अंदाजाने, फक्त चार गोष्टी: अंथरुणात कधी गेले, झोप साधारण कधी लागली, मध्ये किती वेळ जागी होते, कधी उठले. ताईची वही बघून माझे डोळे उघडले. ‘मेंदूसाठी आठ तास’ हवेत म्हणून ती दहालाच आडवी व्हायची आणि साडेसहाला उठायची. म्हणजे अंथरुणात साडेआठ तास, त्यात झोप साडेपाच तास. रोज तीन तास ती अंथरुणात जागी राहून डिमेंशियाचा विचार करत होती! मेंदूला सवय लागली होती की गादी म्हणजे काळजी करायची जागा.

आठवड्यातून तीन रात्री तरी झोपेचा त्रास आणि तो तीन महिने टिकला, की त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. त्यावर पहिला उपचार गोळी नसून एक ठरावीक वर्तनोपचार आहे. ताई डॉक्टरांकडे गेली, त्यांनी हाच सुचवला. त्यातली मुख्य पायरी उलटी वाटते: अंथरुणातला वेळ कमी करायचा. रात्री साडेबाराच्या आधी आडवं व्हायचं नाही, सकाळी सहाला उठायचंच, रविवारीसुद्धा. झोप येत नसेल तर पडून राहायचं नाही. उठून बाहेर बसायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. अंथरुणातल्या वेळेपैकी 85 टक्क्यांहून जास्त वेळ झोपेत जायला लागला की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची.

पहिले दहा-बारा दिवस ताई चिडचिडी झाली होती, दुपारी पेंगायची. या काळात गाडी चालवणं टाळावं. फिट्स किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी तर हे डॉक्टरांशिवाय करूच नये. दोन महिन्यांनी ती साडेअकराला झोपून पावणेसहाला उठायला लागली. झोप सहा तासांच्या जरा खाली. आठ नाहीच, पण ती सलग आहे आणि दिवसा तिला थकवा नाही. ती आता तेवढ्यावर खूश आहे.

तिसरी गोष्ट अनपेक्षित होती. वहीत एका कोपऱ्यात ताईने लिहिलं होतं: ‘ह्यांच्या घोरण्याने जाग आली. मध्येच आवाज बंद, मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास.’ भाऊजी 55 वर्षांचे. आडवे झाले की दोन मिनिटांत झोपतात, आठ तास झोपतात आणि ताईला चिडवतात. पण सकाळी तोंड कोरडं, टीव्हीसमोर डुलक्या आणि बीपीच्या दोन गोळ्या घेऊनही वरचा आकडा दीडशेच्या आसपास. ही स्लीप ॲप्नियाची लक्षणं आहेत. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि माणसाला याची आठवणही राहत नाही. मी म्हटलं, “भाऊजी, तपासणी ताईची नाही, तुमची करायला हवी.” घरीच एका रात्रीची तपासणी झाली आणि ॲप्निया निघाला. आता ते मास्कचं मशीन लावून झोपतात. कुरकुर चालू असते, पण दिवसाच्या डुलक्या गेल्या. त्या मशीनने डिमेंशिया टळतो असं अजून सिद्ध नाही. पण डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्याही बदलल्या आणि आकडा खाली आला.

आणि बीपीच्या बाबतीत पुरावा प्रयोगाचा आहे. चीनच्या ग्रामीण भागात 326 गावांमधल्या बीपी असलेल्या जवळपास 34 हजार लोकांवर एक प्रयोग झाला. अर्ध्या गावांत बीपी काटेकोरपणे खाली आणलं. चार वर्षांनी तिथे डिमेंशियाचं प्रमाण 15 टक्के कमी होतं. म्हणजे आजीच्या आठवणीने घाबरलेल्या माणसाने रात्री कशावर जागायचंच असेल, तर झोपेच्या तासांवर नको. सकाळी उठून बीपी मोजावं.

तर आई-बाबांना विचारा: घोरताना श्वास अडकतो का? बीपी शेवटचं कधी मोजलं? आणि आठवड्यातून तीनदा झोप उडत असेल, तर मेडिकलमधून परस्पर गोळी आणण्याऐवजी डॉक्टरांना वही दाखवा. झोपेच्या गोळ्यांनी उतारवयात तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

ताईचा परवा पुन्हा मेसेज आला. वेळ सकाळी 6.10. फोटो बीपीच्या मशीनचा, भाऊजींचा हात, आकडा 128 वर 82. खाली एवढंच लिहिलं होतं: “आजी गेली तेव्हा आपल्या घरी बीपीचं मशीनच नव्हतं गं.”

भेटू पुढच्या भागात.