आवाजाची दिशा

तंजावर परिसरात एका रात्री छोट्या विमानाचा वैमानिक वाट चुकला होता. खाली दिवे होते, पण गाव ओळखू येईना. इंधन अर्ध्या तासाचे. तिरुचिरापल्लीच्या मनोऱ्यातील नियंत्रक शांतपणे म्हणाला, “उंची सोडू नका. बटण दाबून सावकाश दहापर्यंत आकडे मोजा.”

आकडे ऐकू येताच दिशाशोधक यंत्राची सुई पूर्वेकडे स्थिरावली. आवाज कोणत्या दिशेने येतो ते तिने सांगितले. किती लांबून, ते तिला सांगता येत नव्हते. आणि पूर्वेलाच पुढे समुद्र होता.

“खाली काय दिसते?”

“मोठे शहर. एका कडेला उंच, उजळलेले शिखर.”

बृहदीश्वर! म्हणजे अंतर सुमारे ४७ किलोमीटर, वाट सतरा मिनिटांची. “पश्चिमेकडे, २७० अंशांवर या.”

दर दोन मिनिटांनी वैमानिक आकडे मोजी. सुई सरकली की वाऱ्याने विमान ढळल्याचे नियंत्रक ओळखी आणि दिशा सुधारून देई. धावपट्टीचे दिवे त्याने पूर्ण तेजाने लावविले.

“समोर दिव्यांच्या दोन रांगा!”

“त्यांच्या मधोमध उतरा.”

चाके टेकली, तेव्हा टाकीत दहा मिनिटांचे इंधन उरले होते.