दह्याची आइसकांडी : गोड किती, आंबट किती?
(सोसायटीच्या उन्हाळी मेळाव्यातील भाषण)



आयुष्यभर बँकेचे हिशेब तपासले, आज दह्याचा हिशेब सांगतो.

दह्यात पाणी फार. तसंच गोठवलं तर कांडीत बर्फ कचकचतो. म्हणून एक लिटर फुल क्रीम दुधाचं दही लागलं की लगेच मलमलच्या फडक्यात बांधा आणि चाळणीत घालून फ्रिजमध्ये तीन-चार तास निथळू द्या. बाहेर टांगलं तर दही आंबत राहतं, आणि एकदा आलेला आंबटपणा साखरेने झाकला जातो, जात नाही.

साधारण ४०० ग्रॅम चक्का निघेल. त्यात १०० ग्रॅम पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ घाला. गारव्यात जिभेला गोडी कमी कळते, म्हणून मिश्रण चाखताना किंचित जास्तच गोड लागलं पाहिजे. साखर कमी पडली तर कांडी दगडासारखी होते. फार झाली तर नीट गोठत नाही, काडी निसटते.

आमच्यासारखे कोलेस्टेरॉलवाले टोन्ड दूध घेतील. त्यांनी दोन चमचे दूध पावडर मिसळावी, म्हणजे खरखर कमी होईल. मिश्रण हातानेच फेटा. मिक्सर जास्त फिरला तर लोणी सुटतं.

साखरेऐवजी गोळ्या घालणाऱ्या मधुमेही मित्रांनो, गोळीने गोडी येते, मऊपणा येत नाही. कांडी खाण्याआधी पाच मिनिटं बाहेर ठेवा, दात सांभाळा!

साच्यात आठ तास गोठवा, काढताना साचा क्षणभर नळाखाली धरा.